डिलिव्हर्ड पार्सलांचे पैसे नेमके कुठे अडकतात?

*नमस्कार मॅडम,*
*मी सांगलीहून खणाच्या साड्या आणि ब्लाउजपीस ऑनलाइन विकते. बहुतेक ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. वेगवेगळ्या कुरिअरचं बुकिंग एकाच अ‍ॅग्रिगेटर कंपनीच्या पॅनलवरून करते. सप्टेंबर 2025 मध्ये माझ्या शीटप्रमाणे 212 पार्सलं डिलिव्हर झाली, त्यांचे ₹2,63,400 व्हायला हवेत. बँकेत मात्र महिनाभरात ₹1,94,870 जमा झाले. कंपनीला विचारलं तर "सगळं पेमेंट झालंय" एवढंच उत्तर येतं. मिस्टर म्हणतात, कुरिअरवाले पैसे खातात, सीओडी बंद कर. सोबत ऑर्डरची शीट, रेमिटन्सच्या फाईली, वॉलेटचं स्टेटमेंट आणि बँकेचं पासबुक पाठवतेय. हा हिशोब लावायचा कसा?*
*— एक विक्रेती, सांगली*

ताई,

फाईली पाठवल्यात हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी निकाल सांगते. फरक ₹68,530 चा आहे. त्यातले ₹4,200 कुरिअरकडून मागायचे आहेत. ₹1,950 बुकिंग करताना झालेल्या दोन चुकांमुळे सुटलेत, ते ग्राहकांकडून मागून पाहावे लागतील. उरलेली रक्कम कुणी खाल्लेली नाही. काही पैसे तेव्हा अजून यायचेच होते, काही तुमच्याच वॉलेटमध्ये गेलेत आणि काही मुळात तुमचे नव्हतेच. हे कसं निघालं ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या महिन्यापासून तुम्हालाच काढता येईल.

तुम्ही दोन मोठे आकडे समोरासमोर ठेवलेत, महिन्यात डिलिव्हर झालेली रक्कम आणि महिन्यात बँकेत आलेली रक्कम. सीओडीमध्ये हे दोन आकडे एकमेकांशी कधीच जुळत नाहीत, सगळे पैसे चोख मिळाले तरीही. बँकेत येतो तो गठ्ठा. त्यात दहा-पंधरा पार्सलांचे पैसे एकत्र असतात, त्यातून काही वजा झालेलं असतं आणि ती पार्सलं आठवड्यापूर्वी पोचलेली असतात. म्हणून महिन्याचा महिन्याशी मेळ घालणं सोडून द्या. हिशोबाचं एकक एकच ठेवा, एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे प्रत्येक पार्सलाचा कुरिअरने दिलेला नंबर. एक एडब्ल्यूबी म्हणजे एक उधारी. ती कुरिअरच्या नावावर कधी चढली, कधी फिटायला हवी आणि कुठल्या यूटीआरने, म्हणजे बँकेच्या कुठल्या व्यवहार क्रमांकाने, फिटली, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक पार्सलाबाबत कळल्या की बाकीचं आपोआप सुटतं.

आधी 212 चा आकडा

तुमच्या शीटमध्ये `Delivered` शब्द असलेल्या सगळ्या ओळी धरल्या आहेत. पॅनलवर मात्र दोन वेगळे स्टेटस असतात. `Delivered` म्हणजे ग्राहकाकडे पोचलं. `RTO Delivered` म्हणजे ग्राहकाने घेतलं नाही आणि पार्सल परत तुमच्या दारात पोचतं झालं. फिल्टरच्या चौकटीत Delivered टाइप केलं की दोन्ही एकत्र येतात. तुमच्या 212 मध्ये अशी परत आलेली 19 पार्सलं आहेत, ₹23,750 ची. त्यांचे पैसे कुणी घेतलेच नाहीत, मग ते येणार कुठून? खरी विक्री 193 पार्सलांची, ₹2,39,650 ची.

या 19 बाबत एक काम मात्र आजच करा. परत आलेला माल कपाटात खरंच आहे का, ते हाताने मोजा. पॅनलवर `RTO Delivered` लागलं पण पाकीट घरी आलंच नाही, असं होतं. अशा पार्सलाचे पैसेही जातात आणि साडीही जाते, आणि पैशांच्या हिशोबात ते कधी दिसत नाही, कारण तिथे त्याची बाकी शून्य असते. परतीचं पाकीट घेताना त्यावरचा एडब्ल्यूबी टिपून शीटमध्ये तारीख टाकत जा. पाकीट फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं दिसलं तर उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. आत साडीऐवजी जुनं कापड निघालं तर तक्रारीला तोच पुरावा.

मग तारखांचा खेळ

तुमच्या करारात डिलिव्हरीनंतर 7 दिवसांनी पैसे देय होतात आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी खात्यात पाठवले जातात. (दुसऱ्या कंपनीचं चक्र वेगळं असतं. कुणाचं आठवड्यातून एकदाच, तर कुणी जादा शुल्क घेऊन दोन-तीन दिवसांतही देतं. आपल्या करारातली ओळ वाचायची, दुसऱ्या विक्रेत्याचं ऐकून चालत नाही.) आता सप्टेंबरचं कॅलेंडर समोर घ्या. सोमवार 22 तारखेला पोचलेलं पार्सल 29 ला देय झालं, 29 ला सोमवारच होता, म्हणून ते सप्टेंबरमध्येच मिळालं. मंगळवार 23 चं पार्सल 30 ला देय झालं, पण 30 ला मंगळवार, म्हणजे पैसे बुधवारी 1 ऑक्टोबरला. म्हणून 23 ते 30 सप्टेंबरला पोचलेल्या सगळ्या पार्सलांचे पैसे ऑक्टोबरचे. तुमची अशी 41 पार्सलं आहेत, ₹50,900 ची.

दुसऱ्या टोकाला याच्या उलट झालंय. 23 ते 31 ऑगस्टला पोचलेल्या 30 पार्सलांचे ₹36,400 सप्टेंबरच्या पासबुकात आलेत. ते सप्टेंबरच्या विक्रीचे नाहीत, तरी तुमच्या ₹1,94,870 मध्ये मिसळलेत. या ₹36,400 मुळे तूट आहे त्यापेक्षा कमी दिसते, हे लक्षात घ्या. समजा पुढच्या महिन्यात दिवाळीची विक्री मोठी झाली आणि मागची बाकी भरपूर आत आली, तर खरोखर बुडालेली पार्सलं त्याखाली झाकली जातील आणि तुम्हाला वाटेल सगळं छान चाललंय. महिन्याचे आकडे जुळले म्हणून निर्धास्त होणं जास्त धोक्याचं.

आणखी एक. सुट्टी होती म्हणून पैसे अडकले, असं उत्तर मिळालं तर ते अर्धंच खरं. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास, रविवारी आणि सणालाही चालते. अडकतं ते कंपनीच्या आतलं काम, म्हणजे कुरिअरकडून अ‍ॅग्रिगेटरला पैसे आणि फाईल येणं. त्याने एखादा हप्ता पुढच्या फेरीत जाऊ शकतो. दोन फेऱ्या उलटल्या की सुट्टीचं कारण ऐकून घेऊ नका.

बँकेतली रक्कम उघडून पाहायची कशी

बुधवार 10 सप्टेंबरला तुमच्या खात्यात ₹6,590 आले. पासबुकात एनईएफटी, कंपनीचं नाव आणि यूटीआर नंबर, एवढंच. हाच यूटीआर पॅनलवर सीओडी रेमिटन्सच्या पानावर शोधला तर ही ओळ सापडते: एकूण सीओडी ₹17,850, पार्सलं 14. त्यातून वॉलेट रिचार्ज ₹10,000 वजा. निगेटिव्ह बॅलन्सची वसुली ₹1,260 वजा. उरले ₹6,590.

म्हणजे त्या दिवशी तुमची 14 पार्सलं पूर्ण फिटली. ₹6,590 पाहून "पाच-सहाच पार्सलांचे आले" असं वाटलं असेल, तर तो समज तिथेच सोडा. पार्सलांच्या हिशोबात ₹17,850 जमा धरायचे, आणि वजा झालेले ₹11,260 कुठे गेले ते वेगळं विचारायचं.

महिन्याच्या सगळ्या रेमिटन्समधून अशी वजावट ₹24,130 ची झाली आहे. त्यातले ₹20,000 दोन वेळा मिळून वॉलेटमध्ये गेले. पॅनलवर सीओडीतून आपोआप रिचार्जचं बटण चालू आहे, बहुधा खातं उघडताना कुणीतरी चालू केलं असेल. हे पैसे गेले नाहीत, पुढच्या पार्सलांचं भाडं त्यातूनच भागतं. रोख हातात हवी असेल तर बटण बंद करा आणि रिचार्ज स्वतः करा. मी तरी बंदच ठेवायला सांगेन, कारण आवक आणि खर्च एका ओळीत आले की दोन्हींवरची नजर सुटते.

उरलेले ₹4,130 म्हणजे वॉलेट शून्याखाली गेल्यावर झालेली वसुली. वॉलेटच्या स्टेटमेंटमध्ये खाली पाहिलं तर त्यात दोन प्रकार दिसतात, परतीच्या पार्सलांचं उलट भाडं आणि वजनातला फरक. तुम्ही अर्धा किलो लिहिलेल्या काही साड्या कुरिअरने एक किलोच्या धरल्या आहेत. कुरिअर खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त ते धरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात. साडीचा खोका 30 × 25 × 6 असेल तर गुणाकार 4500, म्हणजे 0.9 किलो, आणि भाडं एक किलोचं. खोक्याऐवजी त्याच साडीला चपटी कुरिअर बॅग वापरली तर हा वाद मिटतो. तुमचं मोजमाप बरोबर असेल तर वजनकाट्यावर आणि टेपसकट काढलेले फोटो जोडून हरकत घ्या. त्याची मुदत मात्र थोडी असते, बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या आसपास. ती टळली की पैसे गेलेच समजा.

आता बेरीज करून पाहा. परतीचे 23,750, अजून देय नसलेले 50,900, वजावटीचे 24,130. यातून ऑगस्टचे आलेले 36,400 कमी केले की राहतात 62,380. तुमचा फरक 68,530. दोन्हींत अंतर ₹6,150. खरा शोध घ्यायचा तो एवढ्याच रकमेचा, आणि ती पाच पार्सलांत आहे.

ती पाच पार्सलं

दोन पार्सलं, ₹1,250 आणि ₹1,450 ची, 4 आणि 9 सप्टेंबरला ग्राहकाला मिळाली. पॅनलवर `Delivered` आहे, सीओडीची रक्कम बरोबर आहे, पण कुठल्याच रेमिटन्सच्या फाईलमध्ये त्यांचे एडब्ल्यूबी नाहीत. ही सरळसरळ थकबाकी आहे.

तिसरं ₹1,500 चं. ते `Delivered` दाखवतंय आणि ग्राहक म्हणते मिळालंच नाही. तुमच्या शीटच्या शेऱ्यात तसं लिहिलेलंही आहे. कुरिअरने त्याची रक्कम रोखून धरली आहे. याची वाट वेगळी आहे, पुढे सांगते.

चौथं ₹1,450 चं. तुमच्या शीटमध्ये सीओडी, पण पॅनलवर `Prepaid` म्हणून बुक झालंय. त्याच्या लेबलवरही तेच छापलं असणार. डिलिव्हरीवाल्याने पैसे मागितलेच नाहीत, ग्राहकाने दिलेही नाहीत. यात कुरिअरकडे मागण्यासारखं काही नाही. ग्राहकाला फोन करून नीट सांगा, यूपीआयची लिंक पाठवा. पुष्कळ लोक देतात, विशेषतः आठवड्याच्या आत विचारलं तर.

पाचवं पार्सल फाईलमध्ये आहे, पैसेही आलेत, पण ₹1,650 ऐवजी ₹1,150. बुकिंगच्या वेळी रकमेत आकडा चुकला. ₹500 सुटले.

शेवटची दोन पार्सलं वाचवण्याचा उपाय महिनाअखेरीला नाही, रोज संध्याकाळी पिकअपच्या आधी आहे. त्या दिवसाच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे पिकअपला द्यायच्या पार्सलांच्या यादीवर, सीओडी पार्सलांची संख्या आणि एकूण रक्कम असते, नसेल तर फाईल डाउनलोड करून बेरीज करा. तुमच्या ऑर्डरच्या शीटमध्येही त्या दिवसाची तीच बेरीज करा. दोन्ही आकडे एकच आले तरच पाकिटं कुरिअरच्या पोऱ्याच्या हाती द्या. नाही आले तर फरकाची रक्कम पाहूनच बहुधा कुठलं पार्सल ते कळतं, पाचशेचा फरक म्हणजे कुठेतरी आकडा चुकलाय, सबंध साडीच्या किमतीइतका फरक म्हणजे कुठेतरी प्रीपेड झालंय. पाकीट घरात असेपर्यंत ही दुरुस्ती फुकट आणि दोन मिनिटांची.

एका गोष्टीची काळजी घ्या. ग्राहकाने थोडे पैसे आधी भरले असतील तर शीटमध्ये बिलाची रक्कम आणि दारात गोळा करायची रक्कम असे दोन वेगळे रकाने ठेवा. कुरिअरशी जुळवायची ती दुसरी. ₹1,450 च्या साडीवर ₹200 आगाऊ घेतले तर कुरिअरकडून येणं ₹1,250 च आहे.

शीट कशी मांडायची

दोन पानं पुरतात. `Orders` मध्ये पाठवलेलं प्रत्येक सीओडी पार्सल: A मध्ये एडब्ल्यूबी, B मध्ये ऑर्डर नंबर, C मध्ये गोळा करायची रक्कम, D मध्ये पॅनलवरचं स्टेटस, E मध्ये डिलिव्हरीची तारीख. `Remit` मध्ये रेमिटन्सच्या सगळ्या फाईली एकाखाली एक चिकटवत जायच्या: A एडब्ल्यूबी, B रक्कम, C तारीख, D यूटीआर. महिना बदलला तरी नवी फाईल करू नका, एकाच पानावर खाली वाढवत जा. महिन्याच्या सीमेवरची पार्सलं तिथेच हरवतात.

मग `Orders` च्या F, G, H, I या रकान्यांत अनुक्रमे ही सूत्रं टाकून खालपर्यंत ओढा:

```
=IF(D2="Delivered",E2+10,"")
=SUMIFS(Remit!B:B,Remit!A:A,A2)
=IF(D2="Delivered",C2,0)-G2
=IF(H2=0,"",IF(H2<0,"जादा",IF(F2<TODAY(),"थकले","वाट पहा")))
```

F ही देय तारीख. 7 दिवस कराराचे. सात दिवस शनिवारी भरले तर पैसे सोमवारी, म्हणजे जास्तीत जास्त दोन दिवस आणखी. एक दिवस बँकेतली नोंद दिसायला. म्हणून 10. तुमचं चक्र बदललं तर हा आकडा बदला. G म्हणजे आजवर आलेली रक्कम, H म्हणजे बाकी, आणि I मध्ये निकाल. "वाट पहा" असेल तिथे काही करायचं नाही. "थकले" असेल तेवढ्याच ओळी फिल्टर करून कंपनीकडे पाठवायच्या. "जादा" म्हणजे परत आलेल्या पार्सलाचे पैसे आले किंवा एकाच पार्सलाचे दोनदा आले. हे पाहून खुश होऊ नका, कंपनी ते पुढच्या एखाद्या हप्त्यातून न सांगता कापून घेते आणि तेव्हा तो हप्ता तुम्हाला कमी वाटतो. ती रक्कम बाजूला टिपून ठेवा.

स्टेटस आणि डिलिव्हरीची तारीख मात्र जुन्या ओळींचीही दर आठवड्याला ताजी करा. आज `Delivered` असलेलं पार्सल पुढच्या आठवड्यात वेगळं दिसू शकतं.

उलट तपासणीही हवी. `Remit` च्या E रकान्यात हे टाका:

```
=COUNTIF(Orders!A:A,A2)
```

जिथे 0 येईल त्या पार्सलाचे पैसे आलेत, पण ते तुमच्या शीटमध्ये नाही. बहुतेकदा कारण असं असतं की पिकअप झाला नाही म्हणून ऑर्डर दुसऱ्या कुरिअरला दिली, त्यात नवा एडब्ल्यूबी मिळाला आणि शीटमध्ये जुनाच राहिला. तो जुना नंबर कायम बाकी दाखवत राहतो. तुमच्याकडे ऑगस्टमध्ये असं एक झालंय, तेवढं दुरुस्त करा.

एक्सेलची एक खोडी सांगायलाच हवी, कारण तुमच्या एका फाईलमध्ये ती झालीच आहे. डाउनलोड केलेली सीएसव्ही नुसती दोनदा टिचकी मारून उघडली की लांब एडब्ल्यूबी `1.40E+13` असा दिसायला लागतो. तशीच फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर पुढचे आकडे कायमचे जातात, आणि मग पन्नास पार्सलांचा नंबर सारखाच होतो. फाईल `Data` मधून `From Text/CSV` ने आत घ्या आणि एडब्ल्यूबीच्या रकान्याचा प्रकार `Text` करा. नंबरच्या मागेपुढे रिकामी जागा राहिली तरी जुळत नाही, त्याला `TRIM` लावा. पैसे आलेले असूनही एकदम बरीच पार्सलं "थकले" दाखवायला लागली, तर कंपनीला फोन करण्याआधी हे बघा.

शेवटची तपासणी बँकेची. प्रत्येक यूटीआरखालच्या पार्सलांची बेरीज, वजा त्या रेमिटन्सवरची वजावट, बरोबर पासबुकातली रक्कम. रेमिटन्स आल्याच्या दुसऱ्या दिवशी हे केलं तर चहा होईपर्यंत उरकतं. पॅनल म्हणतंय पैसे पाठवले, यूटीआरही दाखवतंय, पण पासबुकात तो नाही, असं झालं तर आपल्या बँकेत यूटीआर देऊन विचारा. खातं किंवा आयएफएससी चुकल्यामुळे रक्कम परत गेलेली असू शकते.

वहीत नोंद करताना विक्री पूर्ण रकमेची लिहा, बँकेत आलेल्या उरलेल्या रकमेची नव्हे. 10 सप्टेंबरच्या त्या ओळीत कुरिअरच्या खात्याला ₹17,850 जमा, त्यापैकी ₹6,590 बँकेत, ₹10,000 वॉलेट आगाऊ आणि ₹1,260 हेही वॉलेटकडेच. भाड्याचा खर्च कंपनीच्या महिन्याच्या बिलावरून धरा. त्यावर 18 टक्के जीएसटी असतो, तुमची नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर बरोबर असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. नुसती बँकेतली रक्कम विक्री म्हणून लिहिली तर विक्रीही कमी दिसते आणि हे क्रेडिटही हातचं जातं.

कंपनीला काय लिहायचं

"हिशोब द्या" असं विचारलं की "सगळं दिलंय" असंच उत्तर येणार, कारण विचारलेल्या माणसाला तुमच्या 193 पार्सलांतलं कुठलं हे ठाऊक नसतं. तिकिटात फक्त दोन ओळी टाका: एडब्ल्यूबी, डिलिव्हरीची तारीख, सीओडी रक्कम, देय तारीख. आणि एकच प्रश्न विचारा, "या दोन एडब्ल्यूबीचे पैसे कुठल्या रेमिटन्स आयडीने आणि कुठल्या यूटीआरने दिले, ते कळवा." याचं उत्तर एकतर नंबर असतं किंवा पैसे. 4 आणि 9 सप्टेंबरच्या त्या दोन्हींसाठी आजच टाका. तिकीट उत्तर न देता बंद झालं तर नवं न उघडता तेच पुन्हा उघडा, म्हणजे पहिल्या तक्रारीची तारीख टिकते.

₹1,500 च्या पार्सलासाठी मात्र वेगळं मागा, डिलिव्हरीचा पुरावा. सही, फोटो, ठिकाणाची नोंद किंवा ओटीपी, त्या कुरिअरकडे जे असेल ते. त्याआधी ग्राहकाला दोन गोष्टी विचारून घ्या: घरातल्या दुसऱ्या कुणी किंवा सोसायटीच्या वॉचमनने घेतलं का, आणि दारात कुणाला यूपीआयने पैसे दिले का. हल्ली पुष्कळ डिलिव्हरी कुरिअरच्या क्यूआर कोडवर पैसे घेऊन होतात, ते पैसेही सीओडी म्हणूनच तुमच्याकडे येतात. पण पैसे पोऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर गेले असतील तर व्यवहाराच्या पावतीचा स्क्रीनशॉट लागेल. ग्राहकाचं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं पुरावा ठरत नाही. पुरावा खोटा निघाला तर कुरिअर ते पार्सल हरवलेलं धरेल, आणि तिथे भरपाईला करारात वरची मर्यादा असते. तुमची साडी त्या मर्यादेच्या खूप आत आहे, मात्र दावा करण्याची मुदतही करारातच लिहिलेली असते, ती आज रात्री काढून बघा. बिलाची प्रत लागेल, ती तयार ठेवा.

सीओडी बंद करायची का, हे तुमच्या मिस्टरांशी बोलताना हे आकडे समोर ठेवा. कुरिअरकडे खरोखर अडकलेत ₹4,200, आणि तेही मिळण्यासारखे आहेत. 193 पार्सलांमागे 19 परत आली, त्यांचं दोन्ही वेळचं भाडं मात्र तुमच्या खिशातून गेलं आणि ते कुणी परत देणार नाही. चर्चा करायची तर त्यावर करा: कुठल्या पिनकोडवरून पार्सलं परत येतात, आणि तिथल्या ऑर्डरला पाठवण्याआधी फोन करून खात्री करता येते का, की थोडे पैसे आगाऊ मागायचे. पिनकोडचा रकाना तुमच्या शीटमध्ये आधीच आहे.